सुपरसीडचा एस आणि सरांची खुर्ची

धुळ्याच्या त्या क्लासमध्ये दोन गोष्टींना हात लावायचा नाही, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं. सरांची खुर्ची आणि सरांची चाल. मी दोन्हींना लावला. त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

क्लास स्पर्धा परीक्षांचा होता. तलाठी, पोलीस, ग्रामसेवक, कोर्टातले कारकून, सगळ्यांची भट्टी तिथेच लागायची. मी जळगावला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. ते तास बंद झाले आणि मी धुळ्यात एक खोली घेऊन या क्लासला लागले. सर साठी ओलांडलेले, शिरपूरकडच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. माणूस कष्टाळू होता, यात वाद नाही. पण आपण चुकू शकतो ही शक्यताच त्यांनी कधी घरात घेतली नव्हती.

फळ्याशेजारी, लाकडी चौथऱ्यावर, त्यांची खुर्ची असे. उंच पाठीची, शिसवी, हातांवर कोरीव फुलं. सर स्वतः त्यात फारसे बसत नसत, उभ्यानेच शिकवत. ती खुर्ची असे निकालासाठी. क्लासमधल्या ज्याला नोकरी लागे, त्याने येऊन तीत बसायचं, गळ्यात हार घालायचा, बाजूला सर उभे राहायचे आणि फोटो निघायचा. जिन्याच्या भिंतीवर असे फोटो खालपासून वरपर्यंत लागलेले होते. रोज वर चढताना प्रत्येक पोरगा आणि पोरगी त्या फोटोंकडे बघत बघत चढे. नोकरी न लागता त्या खुर्चीत बसणं म्हणजे देव्हाऱ्यात पाय ठेवण्यासारखं होतं.

आणि चाल. रोज सकाळी तास सुरू होण्याआधी सगळा वर्ग उभा राहून सरांनी अहिराणीत बांधलेले नियम तालावर म्हणे. स्पेलिंगचे, काळांचे, प्रिपोझिशनचे. त्यातली एक चाल अशी होती:

सक्सीड, प्रोसीड, एक्सीड, भाऊ,
तिन्हीस्ले डबल ई लाऊ;
बाकी बठ्ठास्ले, बठ्ठास्ले, भाऊ,
सी-ई-डी-ई, सी-ई-डी-ई लाऊ!

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खरंच आवडली. सीड असा आवाज शेवटी येणाऱ्या क्रियापदांचा गोंधळ भल्याभल्यांचा होतो. त्यातली तीनच डबल ई घेतात आणि बाकीची, म्हणजे प्रीसीड, रीसीड, कन्सीड, इंटरसीड वगैरे, सी-ई-डी-ई घेतात. सरांनी चार ओळींत ते सगळं बांधलं होतं. पण दुसऱ्या दिवशी चाल ऐकताना 'बाकी बठ्ठास्ले', म्हणजे 'बाकी सगळ्यांना', यापाशी माझ्या कपाळावर आठी पडली. बठ्ठास्ले नाही. एक आहे, ज्याला ते लागत नाही. सुपरसीड. त्याच्यात सी नाहीच, एस आहे. एस-ई-डी-ई. रोजच्या वापरातल्या क्रियापदांत असा तो एकटाच.

चाल म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज अक्काचा असे. तीच पुढे उभी राहून म्हणवून घेई. वयाने बाकीच्यांपेक्षा मोठी म्हणून सगळे तिला अक्का म्हणत. ती शिरपूरजवळच्या खेड्यातून बसने येई, दोन मुलं आणि शेत सासूच्या भरवशावर टाकून. इंग्रजी शॉर्टहँड तिने टायपिंगच्या संस्थेत शिकलं होतं आणि तिचा हात असा चाले की मी थक्क होई. तिला कोर्टात लघुलेखक व्हायचं होतं. आधी दोनदा ती अगदी थोडक्यात हुकली होती. या वेळची भरती तिची शेवटची होती. पुढच्या भरतीला ती वयात बसणार नव्हती, आणि हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, कोणाची कीव मागावी तसं नव्हे, तर बजावल्यासारखं.

"मॅडम, मले शिकाडानं व्हई ते आते शिकाडा. मंग मी येनार नही."

एका सकाळी मी तिला उतारा सांगितला. कोर्टाच्या भाषेतला, जसा परीक्षेत येतो तसा. आधीचा हुकूम नव्या हुकमाने सुपरसीड झाला आहे, सबब पुढील कार्यवाही वगैरे. शॉर्टहँडमध्ये आवाज लिहितात, स्पेलिंग नाही. तिथे एस असो की सी, रेघ तीच येते. खरी परीक्षा नंतर, तीच रेघ वाचून कॉम्प्युटरवर टाइप करताना होते. आणि त्या परीक्षेत चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ ओढणारी सोय बंद केलेली असते. अक्काने टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला. बाकी सगळं निर्मळ. सुपरसीड मात्र जिथे जिथे आला होता, तिथे तिथे सी. मी प्रत्येकाखाली लाल रेघ मारली.

तिने कागद पाहिला आणि तिचा चेहरा उतरला नाही, तापला.

"हाई चूक नही. चालमा शे."

"चालीत चूक आहे, अक्का."

"सरनी चालमा?" असं म्हणून तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या घरच्या देवाला शिवी दिली असावी. "आमना मोठा भाऊ हाई चाल म्हनीसन पास व्हयना. तुम्ही कालदिन उन्यात."

परवा आलेल्या मास्तरणीने तीस वर्षांच्या चालीत खोट काढावी, हे तिला सहन होईना. तिने कागदाची घडी घातली आणि माझी लाल शाई आतल्या बाजूला गेली. मला राग आला. तिच्यावर कमी आणि त्या 'बठ्ठास्ले' वर जास्त. कारण कोर्टाच्या उताऱ्यात हा शब्द पावलोपावली येतो, आणि तिच्या परीक्षेत चूक जितक्या वेळा होईल तितक्या वेळा मोजली जाणार होती. दोनदा थोडक्यात हुकलेली बाई. कशाने हुकली असेल, याचा मी विचार केला आणि उठले.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं, म्हणजे त्यांचा मान राहावा. वाटेत मी ठरवलं होतं की गोडीने सांगायचं. गोडी माझ्या स्वभावात नाही, पण प्रयत्न केला.

"सर, चाल सुंदर आहे. फक्त एक ओळ वाढवू या. सुपरसीडची."

"का?"

मी सांगितलं. सक्सीड, प्रोसीड, एक्सीड, प्रीसीड, रीसीड हे सगळे एका घरचे. लॅटिनमधल्या, सीने लिहिल्या जाणाऱ्या केदेरे या क्रियापदाचे. केदेरे म्हणजे चालणं, सरकणं, वाट देणं. प्रोसीड म्हणजे पुढे चालणं, एक्सीड म्हणजे हद्दीबाहेर चालणं, सक्सीड म्हणजे मागोमाग चालणं. म्हणून सगळ्यांत सी. सुपरसीड दुसऱ्याच घरचा. सेदेरे म्हणजे बसणं, सुपर म्हणजे वर. वर बसणं. म्हणून त्यात एस. आपल्या संस्कृतातही तोच धातू आहे, सद्. सदन, संसद, आपली जिल्हा परिषद, सगळ्यांत लोक बसतात. सेशन्स कोर्टातलं सेशनही तेच, कोर्ट बसतं म्हणून सेशन.

"चालणाऱ्यांना सी, सर, आणि बसणाऱ्याला एस. इतकं सांगितलं की पोरं जन्मात चुकणार नाहीत."

सर शांतपणे उठले. त्यांनी कपाटातून एक जाडजूड डिक्शनरी काढली आणि पान उघडून माझ्यापुढे सरकवली. तिथे सीवाला सुपरसीड होता. हे मला ठाऊक होतं. मधल्या काळात फ्रेंचांकडून येताना त्या शब्दात सी शिरला होता आणि खुद्द इंग्रज माणसं कित्येक वर्षं दोन्ही तऱ्हांनी लिहीत होती. शेवटी मूळ लॅटिनकडे बघून एस पक्का झाला. म्हणून डिक्शनरीवाले सीवाला शब्दही नोंदवतात, पण शेजारी काय लिहितात ते सरांनी वाचलं नव्हतं. मी बोट ठेवून वाचून दाखवलं, की हे रूप आढळतं, पण सर्वसाधारणपणे चूक समजलं जातं.

"आढळतं ना?" सर म्हणाले. "मग झालं."

"परीक्षेत चूक धरतात, सर."

त्यांनी एका कार्यालयाचं पत्र काढलं. त्यातही सी. "हे सरकारी पत्र आहे. सरकार चुकतं?"

"हे पत्र ज्याने टाइप केलं तो कोणाचा विद्यार्थी होता, ते विचारा."

हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तर ते म्हणताना बरं वाटलं. सरांच्या मानेची शीर उभी राहिली. "मॅडम, तुम्ही तुमचे तास घ्या. माझ्या चालीत नाक खुपसू नका," एवढं बोलून त्यांनी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर माझा हिशेब चुकता केला. मी मागच्या बाकावर बसले होते. सरांनी आधी माझाच नियम मोठ्याने सांगितला, चालणाऱ्याला सी आणि बसणाऱ्याला एस, अगदी कौतुक केल्यासारखं. मग फळ्यावर मराठीत एकच शब्द लिहिला: अधिक्रमित.

"शासन निर्णयात सुपरसीडला मराठीत काय म्हणतात? अधिक्रमित. यात कोणता धातू? क्रम्. क्रम म्हणजे?" ते वर्गाकडे वळले. "पाऊल टाकणं. चालणं. म्हणजे मॅडमच्याच नियमाने सुपरसीड चालतो. आणि चालणाऱ्याला मॅडम काय लावतात? सी!"

वर्ग खो खो हसला. अक्का सगळ्यांत जास्त. मला मान्य करावं लागेल की डाव जबरदस्त होता. असली चूक फक्त आमच्याकडेच होऊ शकते, कारण इंग्रजाला अधिक्रमित माहीत नाही आणि मराठी माणसाला तो शब्द आधी भेटतो. पण तो शब्द कोणी केला? इंग्रजीवरून मराठी करणाऱ्या आपल्याच माणसांनी, आपल्या सोयीने. त्यांनी भाषांतरात पाय घातले म्हणून मूळ इंग्रजी शब्दाला पाय फुटत नाहीत. मी उठून हे म्हणाले, पण हसण्यात कोणाला ऐकू गेलं नाही. सर म्हणाले, "बसा, मॅडम, बसा. बसणं तुम्हाला आवडतं ना." पुन्हा हशा.

मी जिना उतरताना सगळे हार घातलेले फोटो माझ्याकडे बघत होते. त्यातल्या किती जणांनी आपापल्या टेबलावरून सी लिहून पत्रं पाठवली असतील, असा विचार आला आणि मला त्या सगळ्यांचाच राग आला.

अक्काच्या परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते. एका सकाळी सर शिरपूरला व्याख्यानाला गेले आणि वर्ग माझ्या ताब्यात आला. चाल म्हणून झाली. 'बठ्ठास्ले' ला अक्काने माझ्याकडे बघून मुद्दाम जोर दिला. मी मनात म्हटलं, ठीक आहे.

"आज लिहायचं नाही," मी म्हणाले. "आज चालायचं."

मी पहिल्या बाकावरच्या पोराला फळ्यापासून दाराकडे चालत पाठवलं. हा प्रोसीड, पुढे चालला. दुसऱ्याला उंबऱ्याच्या बाहेर जाऊन उभं केलं. हा एक्सीड, हद्द ओलांडली. तिसऱ्याला पहिल्याच्या मागोमाग लावलं, हा सक्सीड. एका मुलीला त्या सगळ्यांच्या पुढे काढलं, ही प्रीसीड. एकाला उलट्या पावलांनी मागे सरकवलं, हा रीसीड. वर्गात हसाहशी झाली, बाकं हलली. मी ओरडून विचारलं, हे सगळे काय करतायत?

"चाली ऱ्हायनात!"

"मग सगळ्यांना सी. यातले डबल ई कोण, तीन भाऊ, ते चाल सांगते. तिथे चाल बरोबर आहे, तिथे मी तिला हात लावत नाही. तिघेच का, याचं कारण विचारू नका. इंग्रजांनी सवयीने ठेवले, आपण पाठ करायचे. आणि प्रोसीडमध्ये डबल ई असला तरी प्रोसीजरमध्ये एकच, तेही पाठ करायचं. पण सी की एस, हे पाठ करायचं नाही. ते बघायचं. आता सुपरसीड कोण करून दाखवतं?"

कोणी उठेना.

"चालून होणार नाही. वर बसावं लागतं. आधीचा हुकूम जिथे बसला होता, तिथे त्याला बाजूला सारून नवा हुकूम बसतो. आधीचा चालत कुठे गेला ते विचारायचंच नाही." मी सरांच्या खुर्चीकडे हात केला. "अक्का, या. बसा."

सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. बाहेर उंबऱ्यावर उभा असलेला एक्सीडही आत डोकावला.

"नही," अक्का म्हणाली.

"शब्दासाठी बसायचंय."

"नही म्हनं ना. मी तठे नोकरी लागनी का बठसू. तवपावत नही."

मग मी स्वतः चौथऱ्यावर चढले आणि खुर्चीत बसले. पाठ टेकून, दोन्ही हात कोरीव फुलांवर ठेवून. खुर्ची कडक होती आणि बसायला अजिबात चांगली नव्हती. "आधी इथे सर होते. आता मी आहे. मी चालत नाहीये, मी बसलेय. बघून घ्या. सुपरसीड. एस!"

अक्का बाकावरून उठली. इतकी वर्षं ती ज्या खुर्चीसाठी पहाटे भाकरी थापून बसमध्ये उभ्याने येत होती, त्या खुर्चीचा मी फळ्यासारखा वापर केला होता. मला ते समजत होतं. समजूनच मी बसले होते. तिला राग यायलाच हवा होता, कारण माझ्या लाल रेघा तर ती घडी घालून आत दाबत होती.

"उठा," ती म्हणाली. "उठा तठून! ती खुर्ची मनी शे!"

"परीक्षेत एस लिहा, मग तुमची."

"उठा म्हनस ना मी!"

आणि तेवढ्यात दारात सर होते. व्याख्यान रद्द झालं होतं. त्यांनी मला खुर्चीत पाहिलं, भिंतीला लागून उभी असलेली पोरं पाहिली, आणि काहीही न विचारता म्हणाले, "खाली उतरा."

मी उतरले. सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मी म्हणाले, "तुमच्या चालीत एक ओळ कमी आहे." ते म्हणाले, "चालतं व्हा." मी पिशवी उचलली. जाताना वळून पाहिलं तर अक्का फळा पुसायचं फडकं ओलं करून ती खुर्ची पुसत होती. मी हात ठेवले होते ती फुलं सगळ्यांत आधी, घासून घासून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मी दात आवळून मनात म्हणत होते, पूस, चांगली पूस, लक्षात राहील.

मी जळगावला परतले. एका कॉलेजात पुन्हा तास मिळाले. धुळ्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरे, म्हणून घरी कोणी काढत नसे. यावलहून आई फोनवर विचारी, तो क्लास का सोडला? मी म्हणे, सोडला नाही, काढलं. ती म्हणे, तू तोंडाने मार खाते.

बऱ्याच महिन्यांनी नावातल्या एका चुकीसाठी प्रतिज्ञापत्र करायला मी जळगावच्या कोर्टात गेले होते. त्याच्या थोडं आधी ऐकलं होतं की अक्काची निवड झाली आणि तिला जळगाव मिळालं. काम झाल्यावर पाय आपोआप चौकशीच्या खिडकीकडे वळले. शिपायाने एका अरुंद खोलीकडे बोट दाखवलं.

ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. इस्त्रीची सुती साडी, समोर शॉर्टहँडची वही, बोटं चालू. मला पाहून ती थांबली, पण उठली नाही. खोलीत दुसरी खुर्ची होती, तिच्यावर फाइलींचा गठ्ठा होता. तो तिने हलवला नाही. मी टेबलासमोर उभी राहिले.

"उन्यात?" ती म्हणाली.

"आले."

तिने टाइप करत असलेली ओळ पुरी केली आणि मग माझ्याकडे बघितलं. "चालमा आते नवी ओळ शे. आयकनी शे?"

"नाही."

आवाज न चढवता, पण तालात, तिने म्हणून दाखवली:

एकलाच सुपर बठना, भाऊ,
त्याले एस-ई-डी-ई लाऊ!

"सर म्हनतस, मीच करी," ती म्हणाली. "तुमनं नाव नही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. केबिनमधलं ते पत्र, ती डिक्शनरी, फळ्यावरचा अधिक्रमित, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी काहीतरी फार वाईट बोलणार होते. पण ओळ चालीत इतकी चपखल बसली होती की मी ती मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली, आणि त्यामुळे मला स्वतःचाच राग आला.

"पेपरात आला होता?" मी विचारलं.

"उना. पाच-सहादा उना." तिने बोटं कीबोर्डवर आणली. "मना हात सीवर गया व्हता. मंग तुम्ही दिसन्यात. त्या खुर्चीमा बठेल. असा संताप उना, असा संताप उना का..." तिने कीबोर्डवरची एक कळ जोरात दाबून दाखवली. "एस. दर खेपले एस."

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"फोटो कुठे लागला?" मी उगाच विचारलं. "जिन्यात कोणत्या बाजूला?"

"लागना. पन मी बठनू नही."

"म्हणजे?"

"सर म्हनेत बठ, हार घाल. मी बाजूले उभी ऱ्हायनू. खुर्ची रिकामी, इकडे सर, तिकडे मी. तसाच फोटो शे." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "तुम्ही आधी बठी गयात ना. मले उष्टी खुर्ची नको."

बाहेर पुकारा झाला, कोणाचं तरी नाव दोनदा घेतलं गेलं. अक्काने शॉर्टहँडची वही जवळ ओढली. मग तिने आपल्या खुर्चीच्या हातावर, साध्या लोखंडी, रेक्झिन उसवलेल्या हातावर, पंजा ठेवला.

"हाई मनी शे," ती म्हणाली. "हिच्यावर कोनी बठनं नही."

मी तिच्यासमोर उभी होते, पाय दुखत होते, आणि मला आयुष्यात क्वचितच झाला असेल इतका आनंद होत होता. ती पुन्हा टाइप करू लागली. तिने मला जा म्हटलं नाही आणि बसा तर नाहीच म्हटलं. तिचं पान पुरं होईपर्यंत मी तशीच उभी राहिले.